वर्सायचा तह, मंदी की म्युनिक? दुसऱ्या महायुद्धाचा दोष नक्की कुणाच्या पदरात घालायचा?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी नववी-दहावीला इतिहास शिकवते. गेली बावीस वर्षं फळ्यावर एकच बाण काढत आले: वर्सायचा तह, त्यातून जर्मनीचा अपमान, त्यातून हिटलर, त्यातून युद्ध. मुलांना पटतं, लक्षात राहतं, मार्कही मिळतात.

परवा एका मुलीनं विचारलं, "बाई, तह १९१९ चा, मग हिटलर १९३३ ला का आला? चौदा वर्षं लोक काय करत होते?" मला धड उत्तर देता आलं नाही. घरी येऊन निवडणुकांचे आकडे काढले. मे १९२८ मध्ये नाझी पक्षाला २.६ टक्के मतं आणि १२ जागा. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के आणि १०७ जागा. जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के. तह तोच, अपमान तोच, मग दोन वर्षांत बारा जागांच्या एकशेसात कशा झाल्या?

दुसरा प्रश्न याच्याच पुढचा. हिटलर आला तो आला, पण सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिकला चेकोस्लोव्हाकियाचा लचका त्याच्या हातात देण्यावाचून ब्रिटनचा पंतप्रधान चेंबरलेन याच्यापुढे खरंच दुसरी वाट नव्हती का? मला हे मनापासून समजून घ्यायचंय, कारण सोमवारी त्या मुलीसमोर उभं राहायचं आहे.

चहा_कमी_साखर

त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. वाचतोय.

रानवारा

बाई, तुमचा बाण बरोबरच आहे. १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची नुकसानभरपाई लादली होती. कुठला देश सहन करेल? शिवाय चेकोस्लोव्हाकियाचा तो लचका, म्हणजे सुडेटनलँड, हा जर्मनीचाच मुलूख होता, वर्सायमध्ये तो तोडून चेकांना दिला. तीस लाख जर्मन परक्या राज्यात गेले. हिटलर वाईटच, पण ही मागणी न्याय्य होती आणि चेंबरलेनलाही ते मनातून माहीत होतं. चूक १९१९ ची, १९३८ ला फक्त दुरुस्ती झाली.

आकडेमोड

रानवारा, १३२ अब्ज हा आकडा १९२१ चा आणि तो बरोबर आहे. पण त्यातले ८२ अब्ज 'क' वर्गाच्या रोख्यांत टाकले होते, आणि ते कधी वसूल होणार नाहीत हे ते ठरवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या मतदारांना मोठा आकडा दाखवायचा होता म्हणून तो कागदावर राहिला. खरा बोजा ५० अब्जांचा. त्यातलेही प्रत्यक्षात वीसेक अब्जच दिले गेले, आणि १९२४ नंतरचे हप्ते बऱ्याच अंशी अमेरिकेतून काढलेल्या कर्जावर भागले. १९३२ च्या लोझान परिषदेत हे प्रकरण व्यवहारात संपलं. म्हणजे हिटलर सत्तेवर आला तेव्हा भरपाईचा हप्ता चालू नव्हता.

गोदाकाठ, तुमच्या १२ ते १०७ चं उत्तर माझ्या मते बँकांत आणि रोजगार केंद्रांपुढच्या रांगांत आहे. जर्मनी अल्पमुदतीच्या परदेशी कर्जावर जगत होता. १९२९ नंतर अमेरिकन सावकारांनी पैसे मागे घ्यायला सुरुवात केली. त्यावर चान्सेलर ब्रूनिंगनं काय केलं, तर पगार कापले, भत्ते कापले, कर वाढवले. संसदेत बहुमत नव्हतं म्हणून राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांनी कारभार चालवला. मे १९३१ ला व्हिएन्नाची क्रेडिटआनश्टाल्ट बसली, जुलैत जर्मनीची दानात बँक. १९३२ च्या सुरुवातीला बेकार साठ लाखांच्या घरात. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आहे. शाखेबाहेर पैसे काढायला रांग लागली की माणसांचे चेहरे कसे होतात ते मी एकदा पाहिलंय. त्या रांगेत कुणी येऊन 'तुमचे पैसे अमक्यानं खाल्ले' म्हणालं असतं, तर लोकांनी विश्वास ठेवला असता.

गोदाकाठ

म्हणजे तह हे वाळलेलं गवत आणि मंदी ही ठिणगी, असं सांगू का?

आकडेमोड

सांगा, पण एक जोडा. गवत तेवढंच राहिलं नव्हतं, कमी होत चाललं होतं. ऱ्हाइनलँडमधली परकीय फौज १९३५ पर्यंत राहायची होती, ती १९३० लाच निघून गेली. आणि त्याच वर्षी १०७ जागा! सवलत मिळाली तेव्हाच राग वाढला, कारण घरात चूल पेटत नव्हती.

जुनाट_नकाशे

रानवारा यांच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण हा गैरसमज चांगल्या वाचकांतही दिसतो. सुडेटनलँड १९१९ पूर्वी जर्मन साम्राज्यात नव्हताच. तो ऑस्ट्रिया-हंगेरीचा, बोहेमियाच्या राज्याचा भाग. शतकानुशतकांची ती डोंगरांची सरहद्द आहे. चेकोस्लोव्हाकियाची ती सीमा ऑस्ट्रियाबरोबरच्या सँ-जर्मेनच्या तहाशी जोडलेली. वर्सायनं जर्मनीकडून तोडून तिथं द्यावं असं काही नव्हतं (ह्लुचीनचा छोटा तुकडा सोडून). 'परत द्या' हा शब्दच तिथं लागू पडत नाही.

तक्रार खरी होती का? होती. तिथल्या जर्मनांना कुणी विचारलं नव्हतं, आणि सरकारी नोकऱ्यांत चेकांना झुकतं माप मिळायचं. पण १९२६ पासून प्रागच्या मंत्रिमंडळात जर्मन मंत्री बसत होते. संसार अवघड होता, तरी चालला होता. इथंही आकडेमोड यांची मंदी येते. याब्लोनेत्सची काच आणि मणी, कार्लोव्ही व्हारीची चिनी मातीची भांडी, कापड, हे सगळं निर्यातीवर जगणारं. जगानं खरेदी थांबवली, भट्ट्या विझल्या आणि बेकारी चेक मुलखापेक्षा जर्मन मुलखात कितीतरी जास्त झाली. १९३५ च्या निवडणुकीत सुडेटन जर्मनांचा नेता कोनराड हेनलाइन याच्या पक्षानं जर्मन मतांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश मतं नेली.

मार्च १९३८ च्या शेवटी हिटलरनं हेनलाइनला बोलावून सांगितलं ते सगळ्यात महत्त्वाचं: प्राग सरकारला मान्य करताच येणार नाही एवढं मागत राहा. चेक राष्ट्राध्यक्ष बेनेशनं सप्टेंबरच्या सुरुवातीला जवळपास सगळ्या मागण्या मान्य केल्या, तेव्हा हेनलाइनची माणसं घाबरली आणि एका दंगलीचं निमित्त करून त्यांनी बोलणी तोडली. तक्रार मिटवायची असणारा माणूस असं वागत नाही.

रानवारा

सुडेटन ऑस्ट्रियाकडे होता हे मला खरंच माहीत नव्हतं, चूक मान्य. पण भाषा, नातीगोती जर्मन होती ना? स्वयंनिर्णयाचं तत्त्व चेकांना लागू आणि जर्मनांना नाही, हे लंडनमधल्या माणसांनाही खटकत असणार. माझा तेवढा मुद्दा मी सोडत नाही.

जुनाट_नकाशे

सोडू नका. चेंबरलेनच्या बाजूचा तो सर्वात बळकट मुद्दा आहे.

शेजारचा_बांध

इतिहास मला फारसा कळत नाही, पण विषय वाचून घरचं आठवलं म्हणून लिहिते. आमच्या शेताला लागून एकाचं शेत आहे. दर वर्षी नांगरटीला तो बांधातली एक तास आपल्याकडे ओढायचा. एक तास म्हणजे जेमतेम वीतभर. वडील म्हणायचे, "वीतभर मातीसाठी भांडण कशाला, त्याचीही पोरं मोठी होताहेत." आई म्हणायची, "तो माती मोजत नाही, तुम्हाला मोजतोय." अकरा वर्षांनी सरकारी मोजणी आणली तेव्हा साडेतीन गुंठे गेले होते, आणि बांधावरचं आंब्याचं झाड त्याच्या हद्दीत उभं होतं. पहिल्याच वर्षी मोजणी आणली असती तर दगड रोवून दोन तासांत काम झालं असतं. चेंबरलेन म्हटलं की मला माझे वडील दिसतात. वडील भित्रे नव्हते हो. त्यांना खरंच वाटायचं की हा आता थांबेल.

चहा_कमी_साखर

"तो माती मोजत नाही, तुम्हाला मोजतोय." आईंना नमस्कार सांगा.

गोदाकाठ

ताई, हे मी वर्गात सांगू का? नाव न घेता.

शेजारचा_बांध

जरूर सांगा. मुलांना बांध कळतोच.

साडेतीन_शहाणे

मागण्या मान्य करत जाण्याच्या चेंबरलेनच्या या धोरणाला मराठीत 'तुष्टीकरण' म्हणायचं की 'अनुनय'? की सरळ 'लांगूलचालन'?

जुनाट_नकाशे

मी 'अनुनय' लिहितो. लांगूलचालन म्हणजे शेपटी हलवणं, त्यात लाचारी आली. चेंबरलेन लाचार नव्हता, उलट स्वतःच्या अकलेवर जरा जास्तच भरवसा असलेला माणूस होता. समोरासमोर बसलं की कुणाशीही तोडगा निघतो असं त्याला वाटायचं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला यासाठीचा 'अपीझमेंट' हा इंग्रजी शब्द ब्रिटनमध्ये शिवी नव्हताच. तक्रारी समजून घेऊन शांतता राखणं, असा चांगल्या अर्थानं तो वापरला जायचा.

आणि एक जिव्हाळ्याची गोष्ट. सप्टेंबर १९३८ मध्ये निर्णय घेणारी आतली चौकडी कोण? चेंबरलेन, हॅलिफॅक्स, सायमन आणि होअर. हॅलिफॅक्स म्हणजे आपले व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन, गांधी-आयर्विन करारातले. सायमन म्हणजे सायमन कमिशनचे सायमन. होअर हे १९३५ चा भारत कायदा पुढे नेणारे भारतमंत्री. चौघांतले तिघे आपल्या चांगल्याच ओळखीचे.

रानवारा

अरे! हे कधी जोडूनच पाहिलं नव्हतं. मग आयर्विनसाहेबांना वाटलं असेल की गांधींशी बोलून जमलं, तसं हिटलरशीही जमेल.

जुनाट_नकाशे

तसं म्हणायचा मोह होतो, पण सप्टेंबरातलं त्यांचं वागणं उलट आहे. तो पंधरवडा दिवसागणिक पाहण्यासारखा आहे.

१५ सप्टेंबरला चेंबरलेन विमानानं हिटलरला भेटायला बेर्ख्तेसगाडेनला गेला. वय ६९. हिटलरनं सुडेटनसाठी स्वयंनिर्णय मागितला, चेंबरलेननं तो तत्त्वतः मान्य केला. ब्रिटन-फ्रान्सनं मिळून ठरवलं की जिथं निम्म्याहून जास्त वस्ती जर्मन आहे ते भाग द्यायचे. २१ तारखेला रात्री दोनच्या सुमारास दोन्ही देशांचे वकील बेनेशकडे गेले आणि सांगितलं, मान्य करा, नाहीतर तुमचे तुम्ही. मित्र म्हणवणाऱ्या फ्रान्सनं हे सांगितलं, हे विसरू नका. बेनेशनं मान्य केलं, दुसऱ्या दिवशी प्रागचं सरकार पडलं.

२२ तारखेला चेंबरलेन ऱ्हाइनकाठी गोडेसबर्गला गेला, तो खुशीतच. म्हणाला, तुम्ही मागितलंत ते सगळ्यांकडून मिळवून आणलंय. हिटलर म्हणाला, माफ करा, आता तेवढ्यावर भागणार नाही. आता १ ऑक्टोबरपर्यंत फौज आत घुसणार, आणि पोलंड-हंगेरीच्या मागण्याही पुऱ्या करा.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं उत्तर या एका प्रसंगात आहे. तक्रार हे खरं कारण असतं, तर मागणी पूर्ण झाल्यावर माणूस हो म्हणाला असता. बेर्ख्तेसगाडेनपर्यंत चेंबरलेनला फसलेला म्हणता येईल. गोडेसबर्गनंतर त्याच्यासमोर पुरावा होता. लंडनला परतून त्यानं मंत्रिमंडळाला तरीही हे स्वीकारा असंच सांगितलं. त्या रात्री हॅलिफॅक्सला झोप लागली नाही, आणि २५ तारखेला सकाळी त्यानं आपल्याच पंतप्रधानाला सांगितलं की माझं मत बदललंय. म्हणजे वाट होती. त्याच खोलीतल्या माणसाला ती दिसली होती.

तोफखाना_गल्ली

सर, आदर राखून असहमत. सप्टेंबर १९३८ ला स्पिटफायर विमानं मिळालेली एकच स्क्वाड्रन होती. रडारची केंद्रं थेम्सच्या मुखापाशी पाचच. लंडनच्या हाइड पार्कमध्ये खंदक खणत होते, लोकांना विषारी वायूचे मुखवटे वाटत होते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका चेकांसाठी लढायला तयार नव्हते. अमेरिका तटस्थतेच्या कायद्यांत बसलेली. अर्थखातं सांगत होतं की तिजोरी हेसुद्धा शस्त्रच आहे, ते आधीच खर्चू नका. वर्षभरानं रडारची साखळी किनाऱ्यावर उभी होती आणि १९४० ची हवाई लढाई तिच्यामुळं जिंकली. म्युनिकनं ते वर्ष दिलं. आपण आज गादीवर बसून त्या माणसाला नावं ठेवतो.

जुनाट_नकाशे

रडारचा मुद्दा खरा आहे, तो कुणी नाकारू नये. पण ते वर्ष दोघांनाही मिळालं, आणि जर्मनीनं ते जास्त चांगलं वापरलं असं मला वाटतं. त्या सप्टेंबरात जर्मनीची पश्चिमेची तटबंदी अर्धवट होती आणि तिथं नियमित फौजेच्या मोजक्याच डिव्हिजन होत्या, कारण बाकीची फौज चेक सरहद्दीवर उभी. लंडनवर बॉम्ब टाकायचे तर जर्मनीतल्या तळांवरून तेव्हाची विमानं जेमतेम पोचायची. १९४० चे हल्ले फ्रान्स-बेल्जियमचे तळ हाती आल्यावर झाले. लंडनची भीती खरी होती, पण जर्मन विमानदलाची ताकद फुगवून सांगितली गेली होती.

दुसरं म्हणजे चेंबरलेन स्वतः 'मी वेळ विकत घेतोय' असं समजतच नव्हता. म्युनिकचा करार झाल्यावर ३० तारखेला सकाळी त्यानं हिटलरकडून एका वेगळ्या कागदावर सही घेतली की आपले दोन देश पुन्हा कधी लढणार नाहीत, आणि घरी येऊन म्हणाला, आमच्या काळापुरती शांतता. शस्त्रवाढ चालू राहिली हे खरं, पण सही त्यासाठी नव्हती.

साडेतीन_शहाणे

आमच्याकडे स्कोडा गाडी आहे. तिचा या सगळ्याशी काही संबंध?

मोराव्हिया_मुक्काम

आहे की! मी नोकरीनिमित्त सहा वर्षं ब्रनोला राहतो. पिल्झेनचा स्कोडा कारखाना तेव्हा युरोपातल्या मोठ्या तोफा-कारखान्यांपैकी एक होता, गाडीची कंपनी त्यानं १९२५ मध्ये घेतलेली. मार्च १९३९ ला हिटलरनं उरलेला चेक मुलूख गिळला तेव्हा हे सगळं आयतं मिळालं. त्यानंच एप्रिलमधल्या भाषणात यादी वाचली: चारशेहून जास्त रणगाडे, दहा लाखांवर रायफली. १९४० ला फ्रान्सवर चालून गेलेल्या दहा रणगाडा डिव्हिजनांपैकी तीन चेक रणगाड्यांवर लढल्या. त्यात रोमेलची एक.

पण मला लिहायचंय ते बंकरबद्दल. इथं उत्तरेला सरहद्दीकडे फिरायला गेलं की शेताच्या कडेला, जंगलात, काँक्रीटच्या बुटक्या खोल्या दिसतात. स्थानिक लोक त्यांना 'र्झोपीक' म्हणतात. असे सुमारे दहा हजार बांधून झाले होते. एकात मी वाकून आत गेलो. शत्रूच्या दिशेच्या भिंतीला भोकच नाही. ती सगळ्यात जाड, बाहेरून दगडमातीनं झाकलेली. बंदुकीच्या खिडक्या डाव्या-उजव्या बाजूला. मला आधी कळेना, शत्रू समोरून येणार आणि हे बाजूला का बघतात? बरोबरच्या चेक सहकाऱ्यानं सांगितलं, तू स्वतःचं रक्षण करत नाहीस. तू शेजारच्या बंकरसमोरची जागा झोडपतोस आणि शेजारचा तुझ्यासमोरची. तुझा जीव पूर्णपणे शेजाऱ्याच्या हातात.

मंडळी, मी तिथं बराच वेळ बसून राहिलो.

शेजारचा_बांध

अंगावर काटा आला.

तोफखाना_गल्ली

सुंदर लिहिलंत. पण मार्चमध्ये ऑस्ट्रिया हिटलरकडे गेल्यावर दक्षिणेची सरहद्द उघडी पडली होती ना? तिथं तटबंदी कच्ची होती. किती दिवस टिकले असते?

मोराव्हिया_मुक्काम

बरोबर आहे, दक्षिणेला बरंच काम अपुरं होतं. इथल्या लोकांतही यावर अजून भांडण होतं. २३ सप्टेंबरला सैन्याच्या जमवाजमवीची हाक दिली तर दहा लाखांवर माणूस उभा राहिला, पण त्यात सुडेटनचे जर्मनही धरलेले. माझ्या घरमालकीणबाई म्हणतात लढायला हवं होतं. त्यांचे यजमान म्हणायचे, बेनेशनं प्राग शहर वाचवलं. एकाच घरात दोन मतं.

रानवारा

आणि रशिया? त्याचा करार होता ना चेकांशी?

जुनाट_नकाशे

१९३५ चा करार होता, पण आधी फ्रान्सनं मदत केली तरच रशिया येणार, अशी अट. आणि रशियन फौज यायची तर पोलंड किंवा रुमानियातून, दोघांनाही ते नको. म्युनिकला रशियाला बोलावलंच नाही. स्टालिन खरंच आला असता का, यावर मी पैज लावणार नाही. पण पुढच्या वर्षी ब्रिटन-फ्रान्सचं लष्करी शिष्टमंडळ बोटीनं रमतगमत लेनिनग्राडला गेलं, आणि ब्रिटिश प्रमुखाकडे सह्यांचे लेखी अधिकारही नव्हते. २३ ऑगस्ट १९३९ ला रशियानं हिटलरशी करार केला. म्युनिकचा हा हप्ता फार महाग पडला.

पिंपळपार

उशिरा आलो. नेहरू ऑगस्ट १९३८ मध्ये प्रागला जाऊन आले होते आणि त्यांनी ब्रिटनच्या धोरणावर उघड टीका केली होती. गांधीजींनी ऑक्टोबरात 'हरिजन'मध्ये चेकांना अहिंसक प्रतिकाराचा सल्ला दिला. दोघांनाही म्युनिक चूक वाटलं, पण उपाय दोन टोकांचे.

शेजारचा_बांध

नाझींपुढे अहिंसा मला पटत नाही. पण निदान गांधीजी चेकांशी बोलले. बाकीचे त्यांच्याबद्दल बोलत होते.

मोराव्हिया_मुक्काम

अगदी! म्युनिकला २९ तारखेला चार देश टेबलाशी बसले, पाचवा ज्याचा मुलूख होता तो बाहेर. मास्त्नी आणि मासार्झीक हे दोन चेक प्रतिनिधी हॉटेलात पहाऱ्यात बसवलेले. मध्यरात्र उलटल्यावर त्यांना बोलावून नकाशा आणि कागद हातात दिला, आणि उत्तराची वाट पाहणार नाही असं सांगितलं.

गोदाकाठ

सगळ्यांची मी ऋणी आहे. आता सोमवारी बाण पुसणार. तहामुळे बोलायला तक्रार मिळाली, मंदीमुळे ती ऐकायला माणसं मिळाली, इथवर मी मुलांना सांगू शकते. पण गोडेसबर्गनंतरच्या निर्णयाला मी तहाचं नाव देणार नाही, तो माणसांनी डोळे उघडे असताना घेतला. तोफखाना_गल्ली, तुमचं रडारही सांगेन आणि वर्गाचे दोन गट करून मुलांनाच भांडायला लावेन.

मोराव्हिया, एक सांगाल? त्या बंकरमध्ये किती माणसं असायची? मुलं नक्की विचारतील.

मोराव्हिया_मुक्काम

लहानात सहा-सात. आत उभं राहायला जागा नाही, हवेसाठी हातानं फिरवायचा पंखा. कराराप्रमाणे १ ऑक्टोबरपासून ते रिकामे करून निघाले. खरी लढाई तिथं झालीच नाही. पुढे जर्मनांनीच त्यांच्यावर तोफा डागून पाहिल्या, किती टिकतात ते बघायला. मी गेलो त्या बंकरच्या जाड भिंतीवर तसा एक खड्डा आहे. हात घातला तर कोपरापर्यंत जातो, आरपार नाही.